रंगवायच्या पानातली कोरी भिंत

त्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीची बोअर आटली होती, पाणी टँकरनं येत होतं, आणि अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, पक्षाघाताचा झटका येऊन दोन महिने झाले होते. उजवा हात गेला होता. बोलणंही गेलं होतं. एकच शब्द उरला होता: नाय. भूक लागली तरी नाय, पोट भरलं तरी नाय, पंखा लाव म्हणायचं असलं तरी नाय. मी घरी असेन तेवढा वेळ त्या एका शब्दाचे अर्थ लावत बसायची आणि निम्म्या वेळा चुकायची. आई चार वर्षांपूर्वीच गेली होती, त्यामुळे विचारायला दुसरं कुणी नव्हतं.

अण्णा आयुष्यभर पेंटर होते. गंगापूरकडच्या आमच्या गावातून ऐन दुष्काळात शहरात आले ते हातात ब्रश घेऊनच. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, आणि शहर वाढायला लागलं तसे चिकलठाण्याच्या माळावर नव्या प्लॉटिंगचे बोर्ड. पुढं फ्लेक्स आलं आणि ब्रश बसला, ते वेगळं. पण त्या हाताचा त्यांना लई अभिमान. लहानपणी मी त्यांच्याजवळ पाटीवर फुलं काढत बसायची. घाईघाईनं रंग भरायला घेतला की टपली मारायचे आणि म्हणायचे, "आधी रेघ जोड, मंग रंग. नायतर पळतो तो." रेघेत केसभर जरी फट असली तरी ते रंगाच्या डब्याला हात लावायचे नाहीत. ही त्यांची पद्धत, आणि ती त्यांनी कधी मोडली नाही.

आणि आता तोच हात मांडीवर पडलेला असायचा, बोटं आत वळलेली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला एकदा बाहेर गॅलरीत बोलावलं. म्हणाल्या, "ताई, स्पष्ट सांगते. पकड थोडी आहे, पण काका हात वापरतच नाहीत. आत्ता हे दिवस वाया गेले तर बोटं अशीच आखडून बसतील. त्यांना असं काहीतरी द्या की त्यांना स्वतःलाच पेन्सिल धरावीशी वाटेल. रंगवायची पुस्तकं देऊन बघा."

मी आणलं पुस्तक. पोपट, आंबा, फुगेवाला. पेन्सिलींना कापडाच्या पट्ट्या गुंडाळून त्या जाड केल्या, धरायला सोप्या जाव्यात म्हणून. अण्णांनी पोपटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि डाव्या हातानं पुस्तक खाली ढकलून दिलं. "नाय." त्या एका वेळेला अर्थ लावायची गरज पडली नाही. चाळीस वर्षं भिंती रंगवलेल्या माणसाला मी पोपट दिला होता! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मग डोक्यात आलं, त्यांचाच एखादा फोटो घ्यावा आणि त्याचं रंगवायचं पान करावं. ते मला येत होतं. मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. पट्ट्यावरून सुटे भाग पुढं सरकतात, वर कॅमेरा असतो, आणि भागाची कड नीट आहे का नाही ते प्रोग्राम ठरवतो. कड कुठून धरायची आणि कुठून सोडून द्यायची याचे आकडे मी भरते. त्यालाच आम्ही थ्रेशोल्ड म्हणतो. तेलाचा डाग, धूळ, सावली यांना कड समजून कॅमेऱ्यानं चांगला भाग बाद करू नये, हे बघणं माझं काम. असल्या खोट्या कडांना आम्ही कचरा म्हणतो, आणि कचरा काढण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, अशी माझी तिथं ख्याती. त्या ख्यातीला आग लागो.

फोटो मला बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात सापडला. अण्णा शिडीवर चढून शाळेच्या चुन्याच्या भिंतीवर 'पाणी जपून वापरा' असं लिहितायत. दुष्काळाचंच ते एक वर्ष, आणि गावोगावच्या भिंतींवर हे वाक्य लिहायचं काम त्यांना मिळालं होतं. भिंत रंगवल्याचा पुरावा म्हणून ठेकेदाराच्या माणसानं तो फोटो काढला होता, एक प्रत अण्णांनी ठेवून घेतली. मी फोटो त्यांच्यासमोर धरला. ते बघतच राहिले. डोळे भरून आले. मला वाटलं, जमलं बाई! आता हा माणूस पेन्सिल धरणार.

शनिवारी दुपारी फोटो स्कॅन केला आणि घरच्या संगणकावर तसलाच कडा शोधणारा प्रोग्राम लावून बसले. पहिल्याच झटक्यात जे पान आलं ते बघून मी कपाळावर हात मारला. रेघाच रेघा. भिंतीवरचा चुन्याचा खडबडीतपणा, लिंबाचं प्रत्येक पान, खालची खडी, आणि त्यात फोटोच्या कागदाची बारीक जाळी. मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं. त्यात अण्णा कुठं आहेत ते मलाच शोधावं लागलं. धडधाकट माणूससुद्धा हे रंगवणार नाही.

तेव्हा रीतसर सुरुवात केली. चित्र रंगीत होतं ते आधी करड्या छटांत आणलं, कारखान्यात आम्ही तसंच करतो, सवयच ती. मग लहान केलं आणि थोडं पुसट केलं, म्हणजे जाळी आणि खडबडीतपणा विरघळला आणि मोठ्या कडा तेवढ्या राहिल्या. फार पुसट केलं तर अण्णांचं नाकच जातं, म्हणून बेतानं. मग थ्रेशोल्ड. या पद्धतीत ते दोन असतात. वरच्या आकड्यापेक्षा ठळक असेल ती कड नक्की धरायची. खालच्या आकड्यापेक्षा फिकट असेल ती टाकून द्यायची. मधली जी असते, ती एखाद्या ठळक कडेला जोडलेली असेल तरच ठेवायची, एकटी लटकत असेल तर तीही जाते. मी तीस आणि नव्वदवर सुरुवात केली, भिंतीवर अजून किडेच किडे. वाढवत वाढवत शंभर आणि दोनशेवर गेले. मग चित्र कसं लख्ख झालं! शिडी आली, अण्णा आले, ब्रश आला, भिंतीवरची अक्षरं आली. उरलेसुरले ठिपके वेगळे काढून पुसले. रेघा एका पिक्सेलच्या होत्या, छापल्यावर दिसल्याच नसत्या, म्हणून त्या जाड केल्या. काळ्यावर पांढरं होतं ते पांढऱ्यावर काळं केलं. भिंत तर अशी कोरी निघाली, जशी काही आत्ताच चुना दिलेली. मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

रविवारी सकाळी अण्णांना खिडकीजवळ खुर्चीत बसवलं, पाटावर पान चिकटवलं, रंगीत पेन्सिली, एक काळी शिसपेन्सिल आणि खोडरबर असलेला डबा बाजूला ठेवला. ते पानावर वाकले. डाव्या हाताचं बोट शिडीवरून खाली आलं, भिंतीवर आलं आणि तिथंच थांबलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "नाय."

"काय नाय? तुम्हीच आहात अण्णा, बघा. शर्टाला निळा द्या, आवडायचा ना तुम्हाला?"

"नाय, नाय."

आणि मग त्यांनी आपणहून पेन्सिल उचलली. काळी. डाव्या हातानं उजव्याच्या बोटांत घातली, मूठ आवळली. दोन महिन्यांत पहिल्यांदा! मी पाट हलू नये म्हणून धरून ठेवला. आणि पेन्सिल गेली ती थेट कोऱ्या भिंतीवर. तिथं त्यांनी रेघोट्या ओढायला सुरुवात केली. वाकड्या, थरथरत्या, इतक्या दाबून की कागद फाटतो की काय असं वाटावं. शर्ट सोडून, शिडी सोडून, नेमकी माझी स्वच्छ भिंत.

पाचेक मिनिटं मी त्यांना त्या ओढू दिल्या. मग माझं डोकं फिरलं. खरं सांगायचं तर दोन महिन्यांची झोप नव्हती, टँकरच्या रांगेत सकाळी दोघींशी भांडून आले होते, आणि हे पान करायला अख्खा शनिवार घातला होता. हे सगळं खरं आहे आणि यातलं काहीच मला माफ करायला पुरेसं नाही. मी म्हणाले, "अण्णा, अहो रेघेच्या आत! आत भरायचंय! एवढंही कळेना झालंय का तुम्हाला?"

ते थांबले नाहीत. मी त्यांच्या बोटांतून पेन्सिल ओढून घेतली. डब्यातला खोडरबर घेतला आणि त्यांच्यादेखत त्या सगळ्या रेघोट्या खसाखसा खोडल्या. कागदावरचा चुरा फुंकून टाकला आणि म्हणाले, "हं. आता नीट."

अण्णांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी तोवर ऐकला नव्हता. 'नाय'सुद्धा नव्हतं ते. मग त्यांनी मान फिरवली.

त्यानंतरचे आठ दिवस मी शत्रूवरही येऊ नयेत म्हणेन. अण्णांनी पेन्सिल तर सोडाच, चमचा धरणं सोडलं. भरवायला गेलं की तोंड मिटून घ्यायचे. मी कामावर असताना शेजारच्या काकू बसायच्या, त्या म्हणायच्या, "अगं, दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडलेत, हाक मारली तर बघत पण नाहीत." फिजिओथेरपिस्ट बाईंनी बोटं सरळ करून बघितली आणि मान हलवली. मी विनवण्या केल्या, रडले, चिडले, पाया पडले. "अण्णा, असं करू नका ना. मी कुणाकडं बघू?" मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची आणि मग त्या आवाजाचीच मला लाज वाटायची. हातातून माणूस जातोय आणि आपण बघत उभ्या आहोत, याच्यापेक्षा वाईट काही नसतं.

पुढच्या रविवारी मी घर आवरायला काढलं, म्हणजे टाकायला काढलं. ते पान पाटासकट दाराशी पडलं होतं. उचललं, फाडणारच होते. दारातून ऊन तिरपं येत होतं आणि त्या तिरप्या उजेडात कोऱ्या भिंतीवर मला काहीतरी दिसलं. शिसं खोडलं होतं, पण अण्णांनी इतकं दाबून काढलं होतं की कागदात खाचा राहिल्या होत्या. मी पान थोडं फिरवलं. आधी एक गोल. गोलावरून खाली उतरणारी लांब रेघ, खांद्यावरून फिरून आलेली. एक वाकलेला हात. आणि हाताशी, कमरेवर टेकलेलं, भांडं.

मी तशीच धावत जाऊन मूळ फोटो काढला.

शिडीच्या खाली, भिंतीला लागून, आई उभी होती. फिकट पिवळ्या लुगड्यात, कमरेवर पाण्याची कळशी, वर अण्णांकडे बघत. त्या वर्षी शाळेजवळ प्यायला थेंब नव्हता आणि दूरच्या विहिरीवरून ती अण्णांसाठी पाणी घेऊन यायची. हे मी तिच्याच तोंडून कितीदा तरी ऐकलं होतं. मी तो फोटो दहादा बघितला असेल, पण दर वेळी नजर शिडीवरच गेली. अण्णांना दाखवला, ते रडले, तेव्हा मला वाटलं शिडीवरचा आपला हात बघून रडतायत. आणि मी आईला भिंतीत घालवून टाकलं होतं! वर त्यांनी आपल्या मोडक्या हातानं तिला परत काढलं, तर मी ती त्यांच्यासमोर खोडली. आणि चुरा फुंकला.

मी खाली फरशीवर बसले आणि हुंदके देऊन रडले. आतल्या खोलीत अण्णांना ऐकू जात असणार, पण मला आवरेना.

मग उठले. तोंडावर पाणी मारलं, संगणक लावला. आधी शोधलं की आई गेली कशी. चित्र करड्या छटांत आणून बघितलं आणि कळलं. भर उन्हातली चुन्याची भिंत आणि फिकट पिवळं लुगडं, दोन्ही सारखीच उजळ. रंग वेगळे, पण उजेड एकच. करड्यात दोन्हीची छटा जवळजवळ सारखी येते आणि मधे कडच उरत नाही. जी अंधूकशी होती ती माझ्या शंभराच्या आकड्याखाली गेली. केस, चेहरा, हात आणि कळशी यांची कड तेवढी तुटक तुटक आली होती, पण बाकी कशाला जोडलेली नाही म्हणून मी ती 'ठिपके' म्हणून पुसली. कारखान्यातले भाग करडेच असतात, तिथं रंगाचा विचार करायची कधी वेळच आली नव्हती. माझ्या हुशारीची ही गत.

म्हणून या वेळी रंग टाकलाच नाही. चित्राचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन थर वेगळे करून एकेक बघितला. लालमध्ये आई नव्हती. हिरव्यात जेमतेम. निळा थर उघडला आणि ती तिथं उभी होती, अख्खी. पिवळ्यात निळा कमी असतो, त्यामुळे त्या थरात पिवळं लुगडं गडद दिसतं आणि पांढरी भिंत पांढरीच राहते. मी स्क्रीनला हात लावला. आईगं, असं तोंडातून निघालं.

निळ्या थरात कचराही सगळ्यात जास्त असतो, म्हणून तो थोडा जास्त पुसट केला आणि आईच्या भोवतीच्या भागापुरतेच थ्रेशोल्ड खाली आणले, पंचवीस आणि सत्तरच्या आसपास. बाकी चित्राला आधीचेच ठेवले. दोन्हीकडच्या रेघा एकावर एक घातल्या. भिंतीवर चारदोन किडे आले, येऊ दिले. या वेळी ठिपका दिसला की आधी फोटोत बघत होते तो कुणाचा आहे, आणि मगच पुसत होते. असाच एक ठिपका आईची नथ निघाला.

एकच जागा जमेना. खांद्यावर जिथं पदर वळतो तिथं ऊन थेट पडलं होतं आणि फोटोत ते सगळं जळून पांढरं झालं होतं. कुठल्याच थरात तिथं काही नव्हतं. आकडे कितीही खाली न्या, जे फोटोत टिपलंच गेलं नाही ते कुठून आणणार? जवळच्या रेघा आपोआप जोडायची सोय असते, ती करून बघितली, तर कळशीवरची बोटं एकमेकांना चिकटली. मग ती फट तशीच ठेवली. बोटाच्या पेराएवढी असेल. पान छापलं.

अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी पलंगाशी खाली बसले. म्हणाले, "अण्णा, चुकलं माझं. तुम्ही आईला काढत होतात. मला दिसलं नाही. मी खोडली तिला." "आता आणली परत. एकदा बघा. नाही आवडलं तर परत कधी त्रास देणार नाही."

मग त्यांनी मान वळवली. मी पान त्यांच्यासमोर धरलं. त्यांचे डोळे शिडीवर गेलेच नाहीत, थेट खाली भिंतीशी गेले. त्यांनी डावा हात माझ्याकडे केला, उठव म्हणून.

खुर्चीत बसवलं, पाट मांडला, डबा ठेवला. मला वाटलं आता पेन्सिल घेतील. तर ते डाव्या हातानं डब्यात काहीतरी शोधायला लागले. पिवळी बाजूला, निळी बाजूला, हिरवी बाजूला. "काय हवंय अण्णा? पिवळी देऊ का?" "नाय." डबा मी त्यांच्या जवळ सरकवला. तळातून त्यांनी खोडरबर काढला. माझ्याकडे एकदा बघितलं, आणि तो डाव्या मुठीत घट्ट बंद करून मूठ पोटाशी धरली.

मला कळलं. मी काळी पेन्सिल उचलली आणि त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांत सरकवली. बोटं उघडली, आणि कापडाच्या पट्टीवर मिटली. पेन्सिल पानावर फिरत फिरत आईच्या खांद्याशी आली. पदरातली ती फट त्यांनी बघितली. वाकडी, कापरी, दाबून काढलेली एक रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. जोडली. थांबून बघितलं, कुठं केसभर उरली नाही ना. मग काळी खाली ठेवली आणि हनुवटीनं मला पिवळी दाखवली.

पुढचा तासभर त्यांनी आईचं लुगडं भरलं. डावी मूठ त्यांनी शेवटपर्यंत उघडली नाही.